मनूच्या दोन शंका : पत्र लिहितानाच्या कामाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीत आतेभावाच्या फोनवर माझ्या लेकीने, मनूने, कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलंय की १९६९ सालचं चंद्रावर उतरणं हे सगळं स्टुडिओतलं नाटक होतं. तिच्या लातूरच्या वसतिगृहात फोन फक्त रविवारी, तोही पंधरा मिनिटं. आज त्यातली बारा मिनिटं तिने मला उलटतपासणीत घातली. एक : चंद्रावर हवा नाही, मग फोटोतल्या काळ्या आकाशात एकही तारा कसा नाही? दोन : हवा नाही तर झेंड्यावर लाटा कशा?

मी म्हटलं, पत्र पाठवते. बी.एस्सी. फिजिक्स करून मला वीस वर्षं झाली आणि नंतरचा सगळा वेळ शिलाई मशीनवर गेला. तरी दोन्ही गोष्टी घरी करून बघता येतील असं वाटलं. कुणाला आपल्या मुलांसाठी हेच करायचं असेल तर माझा वाया गेलेला वेळ त्यांचा तरी वाचेल, म्हणून या नोंदी.

१८ नोव्हेंबर

पहिला मसुदा लिहिला, दीड पान. रात्री यांना वाचून दाखवला. हे म्हणाले, "पोरीने प्रश्न विचारलाय आणि तू तिला झापतेयस." खरंच होतं. "लाखो लोकांनी काम केलं, ते सगळे खोटं बोलतील का" एवढंच सगळीकडे लिहिलं होतं, आणि ताऱ्यांचं उत्तर कुठेच नव्हतं. फाडला.

दुसऱ्या मसुद्यात लिहिलं की गावात दिव्यांच्या उजेडात चांदण्या बुडतात तशा तिथे उन्हात बुडाल्या. लिहून झाल्यावर लक्षात आलं की हे साफ चूक आहे. गावात दिव्याचा उजेड हवेत विखुरतो आणि आकाशच उजळतं. चंद्रावर विखुरायला हवाच नाही, म्हणून भर दिवसाही तिथलं आकाश काळं. मनूने हे पहिल्या ओळीत पकडलं असतं. खरी अडचण आकाशात नसून कॅमेऱ्यात आहे. खाली उन्हात पांढऱ्याशुभ्र कपड्यातली माणसं आणि वर अतिशय मंद तारे, दोन्ही एकाच फोटोत एकाच वेळी नीट येत नाहीत. नुसतं असं सांगून ती मानणार नाही, फोटो दाखवावे लागतील.

१९ नोव्हेंबर

फोनने प्रयत्न, आणि पुरता फज्जा.

रात्री पावणेदहाला गच्चीवर गेले. पौर्णिमा होऊन चारच दिवस झालेले, चंद्र वर आलेला. आधी पंचांग बघायला हवं होतं. तरी फोन पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर टेकवून फोटो काढला. आला काय? टाकी स्वच्छ, कपड्यांची दोरी स्वच्छ आणि वर सात-आठ तारेसुद्धा! म्हणजे मला जे सिद्ध करायचं होतं त्याच्या नेमकं उलट.

अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं. फोनचा रात्रीचा मोड एकच फोटो काढत नाही. तो काही सेकंदांत पुष्कळ फोटो घेतो, ते एकमेकांवर नीट बसवतो, अंधाराचा भाग उजळ करतो, उजेडाचा भाग दाबतो आणि आपल्या हातात तयार पदार्थ देतो. फिल्मच्या कॅमेऱ्यात एकदा झडप उघडून मिटली की जे पडलं ते पडलं. मनूच्या पिढीने फोनचेच फोटो पाहिलेत, म्हणून तिला वाटतं की डोळ्याला दिसतं ते सगळं फोटोत येतंच. तिची शंका बहुधा इथूनच आलीय. पत्रात याला एक परिच्छेद द्यायचा.

ज्यांना करून बघायचंय त्यांनी फोनचा आपोआप चालणारा मोड वापरू नये. सगळी मापं हाताने लावता येतील असा कॅमेरा हवा.

२३ नोव्हेंबर

चौकातल्या स्टुडिओवाल्या काकांकडे जुना डीएसएलआर आहे, सोबतची साधी १८-५५ ची लेन्स. एका दिवसाचं भाडं ३०० रुपये, ट्रायपॉड वेगळा १०० रुपये. ट्रायपॉड घेतला नाही. ही कंजुषी पुढे नडली.

काकांनी मला तीन गोष्टी समजावल्या. झडप किती वेळ उघडी राहते, लेन्सचं भोक किती मोठं, आणि फिल्म किंवा सेन्सर किती संवेदनशील. भोकाचा आकडा एफमध्ये लिहितात आणि तो उलटा चालतो, आकडा मोठा तेवढं भोक लहान.

मग चंद्रावर कोणती मापं वापरली ते शोधलं. १९६९ च्या त्या मोहिमेवर, म्हणजे अपोलो ११ वर, हॅसलब्लाड कॅमेरा होता, झाइसची ६० मिमीची लेन्स, छातीवर अडकवलेला. हेल्मेटमधून डोळा लावून बघण्याची सोयच नव्हती. म्हणून फिल्मच्या डब्यावरच छापील सूचना चिकटवलेली होती. झडप १/२५० सेकंद, उन्हातल्या वस्तूला एफ ११, सावलीतल्याला एफ ५.६. रंगीत फिल्मची संवेदनशीलता साधारण १६०. अमावास्येच्या रात्री हीच मापं लावून बघायची ठरवली.

३० नोव्हेंबर, शनिवार

दुपारी साडेबारा. कॅमेरा १६०, १/२५०, एफ ११ वर. घरासमोरच्या डांबरी रस्त्यावर पांढरा सदरा घातलेल्या ह्यांना उभं केलं. डांबरी रस्ता मुद्दाम घेतला, कारण चंद्राची माती दिसते तितकी पांढरी नाही, पडलेल्या उजेडातला साधारण आठवा भाग ती परत फेकते, जुन्या डांबराइतका. फोटो अगदी नीट आला. रस्ता करडा, सदरा पांढरा, चेहरा ओळखू येतोय. म्हणजे चंद्रावरची मापं भर उन्हात आपल्याकडेही चालतात. चालायलाच हवीत, ऊन त्याच सूर्याचं.

रात्री सव्वादहा. पूर्वेला मृग नक्षत्र छान वर आलेलं, खाली व्याध लखलखतोय. एकही माप न बदलता कॅमेरा मृगाकडे धरून फोटो काढला. कोळसा. व्याधसुद्धा नाही. स्क्रीनवर बोटाने ओढून मोठं करून पाहिलं, काहीच नाही. ताऱ्यांनी भरलेलं आकाश डोळ्यांसमोर आणि हातात काळी पाटी! इतका समाधानकारक नापास फोटो मी आयुष्यात काढलेला नाही.

मग तारे आणायचे म्हणून १५ सेकंद, एफ ३.५, संवेदनशीलता १६००. इथे तास गेला. पहिले अकरा फोटो वाया. अंधारात कॅमेऱ्याला आपोआप फोकस सापडत नाही, लेन्स नुसती घरघर करत पुढेमागे होते. फोकस हाताने करायचा आणि व्याध बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवायची. दुसरं म्हणजे बटण दाबताना कॅमेरा हलतो आणि प्रत्येक ताऱ्याची शेपटी होते. ट्रायपॉड नव्हता, म्हणून तांदळाच्या पाच किलोच्या पिशवीत कॅमेरा रुतवला आणि दोन सेकंदांचा टायमर लावला. बाराव्या फोटोत मृगाचे तीन तारे, रोहिणी, कृत्तिका, सगळं आलं.

शेवटचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा. तारे आले तीच मापं ठेवली आणि ह्यांना बनियनवर मृगाच्या खाली उभं केलं, अंगावर मोटरसायकलचा हेडलाइट. पंधरा सेकंद हलायचं नाही. मागे तारे आहेत, पण ह्यांच्या जागी नुसता पांढरा डाग, वितळलेल्या मेणबत्तीसारखा. आणि तो तर हेडलाइट होता, ऊन नव्हे. चंद्रावर तारे यावेत म्हणून कुणी हीच मापं लावली असती तर माणूस, यान, जमीन, सगळंच असं पांढरं होऊन गेलं असतं.

पत्रासाठी हिशोब केला. १५ सेकंद म्हणजे १/२५० च्या ३,७५० पट. भोक साधारण तिप्पट. संवेदनशीलता दहा पट. सगळं गुणून १,१२,५०० पट जास्त उजेड धरावा लागला तेव्हा तारे आले.

१ डिसेंबर

चार फोटो छापून घेतले, ८० रुपये. आज मनूच्या फोनवर मुद्दाम काही बोलले नाही.

आणखी एक चूक वेळेत सापडली. मसुद्यात मी ठोकून दिलं होतं, "अपोलोच्या एकाही फोटोत तारे नाहीत." खोटं आहे. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ ने जॉर्ज कॅरुथर्स यांनी बनवलेला खास अतिनील कॅमेरा नेला होता. अंतराळवीर जॉन यंगने तो यानाच्या सावलीत तिवईवर ठेवला आणि तारे, आपल्या पृथ्वीभोवतीचं हायड्रोजनचं वलय आणि मोठ्या मॅगेलनी मेघाची दीर्घिका टिपली. फिल्म परत आणली, कॅमेरा अजून तिथेच आहे. तारे टिपायचे होते तेव्हा वेगळा कॅमेरा नेला, सावली शोधली, जास्त वेळ दिला. माझ्या तांदळाच्या पिशवीचीच गोष्ट, फक्त चंद्रावर. हे वाक्य पत्रात जसंच्या तसं घातलं.

त्याच्या खाली एक ओळ २०१३ ची. डिसेंबरात चीनच्या चांग-अ ३ यानाने चंद्रावरून आपल्या युतू गाडीचे फोटो पाठवले, त्यातही आकाश काळंकुट्ट आणि तारे नाहीत. अमेरिकेचं नाटक चीनने कशाला सांभाळावं?

४ डिसेंबर

झेंडा. इथे मला वाटलं होतं की आपण घरच्या मैदानावर आहोत, कपड्याचंच तर काम.

माहिती अशी. झेंडा नायलॉनचा, तीन फूट बाय पाच फूट. हवा नसल्याने तो लोंबकळेल हे आधीच माहीत होतं, म्हणून वरच्या कडेला नेफा शिवला होता आणि त्यातून एक आडवी नळी घातली होती. परकराला नाडी घालतो तसा नेफा, फक्त नाडीऐवजी एकात एक सरकणारी नळी. उभा दांडा, त्याला काटकोनात आडवी नळी, त्यावर पडद्यासारखा झेंडा. मनूला "नेफा" हा एकच शब्द पुरे आहे, तिने माझ्या शेजारी बसून डझनावारी परकरांना नाड्या ओवल्यात.

पहिला नमुना घरातल्या पांढऱ्या मांजरपाटाचा केला. तिरंगा किंवा कुठलाच खरा झेंडा वापरायचा नाही हे आधीच ठरवलेलं, उगाच कुणाच्या भावना नकोत. मांजरपाट नेफ्यावर टांगला तर सरळ सपाट, चादरीसारखा. लाटा कुठायत? सुती कापड जड, आपल्या वजनाने खाली ओढलं जातं. दोन तास वाया.

५ डिसेंबर

छत्रीच्या कापडासारखं पातळ नायलॉन आणलं, पावणेदोन मीटर, १४० रुपये. पडद्याचा लांबी कमी-जास्त होणारा रॉड घरी होताच. नायलॉनवर मशीनची सुई घसरते, नेफा दोनदा उसवला. बारीक सुई लावली आणि खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवलं, मग टाके नीट पडले.

आणि इथे गंमत. अपोलो ११ वर आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांनी ती आडवी नळी पूर्ण ओढायचा प्रयत्न केला, पण ती शेवटपर्यंत उघडलीच नाही. मीही पाच फुटांच्या कापडात रॉड साडेचार फुटांवर अडवला. झालं! नेफ्यावर कापड गोळा झालं, चुण्या पडल्या आणि प्रत्येक चुणीतून खाली एक लाट उतरली. पंखा बंद, खिडक्या बंद, दार बंद, आणि झेंडा लांबून बघितला तर वाऱ्यावर फडफडतोय असाच. शिवणाऱ्या बाईला याचं नवल नको वाटायला, पण मला वाटलं.

रॉड पूर्ण ओढला, लाटा गेल्या. पुन्हा आत ढकलला, लाटा आल्या. पुढच्या मोहिमांतल्या काही अंतराळवीरांना तो चुणीदार झेंडा आवडला आणि त्यांनी नळी मुद्दामच अर्धवट ठेवली.

पाच-पाच मिनिटांनी चार फोटो काढले. चारही फोटोंत लाटा तिथल्या तिथे.

७ डिसेंबर

आज ह्यांनी कॉम्प्युटरवर नासाचे दोन फोटो शेजारीशेजारी लावून दिले, AS11-40-5874 आणि AS11-40-5875. आर्मस्ट्राँगने एकाच जागेवरून लागोपाठ काढलेले. पहिल्यात ऑल्ड्रिन झेंड्याला सॅल्यूट करतोय, हेल्मेटच्या मागून बोटांची टोकं दिसतात. दुसऱ्यात हात खाली आलाय, अंगही थोडं वळलंय. आता झेंडा बघायचा. एक-एक लाट मोजली. माणूस हलला, झेंड्याची एकही चुणी हललेली नाही. वारा असता तर दोन फोटोंत झेंडा दोन तऱ्हेचा दिसला असता.

दोन्ही फोटो छापले, ४० रुपये. पत्रात लिहिलं, "आधी हात बघ, मग झेंडा बघ." समजावून काही लिहिलं नाही.

आणि माझ्या मते सगळ्यात भारी पुरावा बिघाडातला आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ च्या झेंड्याची आडवी नळी बिजागरीतच बिघडली, अडकून राहीना. तो झेंडा फोटोत ओल्या टॉवेलसारखा दांड्याला चिकटून लोंबतोय, एका फोटोत अंतराळवीर कॉनराडला त्याचं टोक हाताने धरून उघडावं लागलंय. स्टुडिओत वारा असता तर हा झेंडाही उडाला असता.

८ डिसेंबर

राहिला चित्रफितीतला हलणारा झेंडा. मनू म्हणते, फोटोत नाही हलत, पण फिल्ममध्ये हलतो. बरोबर आहे. पण कधी हलतो? दांडा हातात असताना. चंद्राची माती वरून भुसभुशीत आणि खाली घट्ट, दांडा काही इंचांच्या पुढे जाईना, म्हणून दोघे तो पिळून पिळून आत दाबत होते. दांडा फिरला की कापड झोका घेणारच.

हात सोडल्यावरही थोडा वेळ हलत राहतो, हा तिचा पुढचा मुद्दा. त्यासाठी पंख्याच्या हुकाला सारख्या लांबीच्या दोन दोऱ्या बांधल्या. एकीला जाड नट-बोल्ट, दुसरीला शर्टाच्या पेटीचा पुठ्ठा, आणि दोन्ही सारखेच ओढून सोडले. पहिल्यांदा स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहिली आणि पुठ्ठा वाऱ्यावर नाचायला लागला, सगळं पहिल्यापासून. दुसऱ्यांदा पुठ्ठा मिनिटाच्या आत थांबला, बोल्ट चार मिनिटं झाली तरी झुलत होता. पुठ्ठ्याला हवा अडवते. आपल्या अंगणात वाळत घातलेलं कापड हलवलं की दोन-तीन हेलकाव्यांत थांबतं ते हवेमुळेच. हवा काढून घ्या, कापडही बोल्टासारखं रेंगाळेल. म्हणजे झेंडा जास्त वेळ हलला ही हवा नसल्याची खूण आहे.

इथे प्रयोगाची मर्यादाही पत्रात लिहिली. निर्वात काचेची पेटी माझ्याकडे नाही, म्हणून कापडावर थेट करून दाखवता आलं नाही.

९ डिसेंबर

पत्र पक्कं केलं, सहा पानं, सात फोटो आणि नेफ्याचा एक वीतभर नमुना, रॉडऐवजी आत झाडूची काडी. शेवटच्या पानावर लिहिलं :

"मनू, माझ्या गच्चीवरच्या फोटोंनी माणूस चंद्रावर गेला हे सिद्ध होत नाही. एवढंच सिद्ध होतं की तारे नसणं आणि झेंड्याच्या लाटा यांवरून तो गेला नाही असं म्हणता येत नाही. गेल्याच्या खुणा वेगळ्या आहेत. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने वेगवेगळ्या वेळी वरून फोटो घेतले, त्यांत अपोलो १२, १६ आणि १७ च्या झेंड्यांच्या सावल्या सूर्याबरोबर सरकताना दिसतात. ११ च्या झेंड्याची सावली दिसत नाही. यान उडालं तेव्हा झोताने तो पडला असं ऑल्ड्रिनने तेव्हाच सांगितलं होतं."

पत्र शेजारच्या वहिनींबरोबर लातूरला पाठवलं, सोबत शेंगदाण्याचे लाडू. आतापर्यंतचा खर्च ५६० रुपये, लाडू सोडून. वेळ जमेल तसा, पण एकूण सव्वीस-सत्तावीस तास, त्यातले दहा तरी चुकांत.

१५ डिसेंबर, रविवार

फोन आला. पहिलंच वाक्य, "आई, हिशोब चुकलाय."

लेन्सचं भोक गोल असतं, उजेड त्याच्या क्षेत्रफळातून येतो, व्यास तिप्पट झाला तर उजेड तिप्पट नाही, जवळजवळ दहा पट. एफ ११ आणि ३.५ चं गुणोत्तर घेऊन वर्ग करायचा. म्हणजे १,१२,५०० नाही, पावणेचार लाखांच्या जवळ. अकरावीतल्या पोरीने बी.एस्सी.वालीला वर्ग शिकवला. ज्यांनी ३० नोव्हेंबरचा आकडा उतरवून घेतला असेल त्यांनी दुरुस्त करावा.

झेंड्याचं तिला पटलं, पण एक खुसपट काढलंच. नेफ्याच्या चुण्या वरून खाली उतरतात हे ठीक, पण मूळ फोटोत खालच्या अर्ध्या भागातही सुरकुत्या आहेत, त्या काडीच्या नमुन्यात दिसत नाहीत. मी म्हटलं, झेंडा यानाच्या शिडीला बांधलेल्या आवरणात घट्ट घडी घालून ठेवला होता, घडीच्या रेघा असतील. ती म्हणाली, "असतील म्हणजे? करून बघितलंस का?"

१६ डिसेंबर

नायलॉनची घट्ट घडी करून दोरीने बांधली आणि गव्हाच्या डब्याखाली ठेवली. गुरुवारी काढते.

१९ डिसेंबर

काढली. रॉडवर टांगल्यावर खालपर्यंत चौकटीच्या रेघा, आणि त्या चुण्यांना छेदतात तिथे कापड फुगीर दिसतं. संध्याकाळपर्यंतही रेघा गेल्या नाहीत. फोटो काढला, दहा रुपये. मागे पेन्सिलने लिहिलं, "करून बघितलं", आणि पाकिटात घातला.